दोन ओळींचा प्रकल्प

डेटा अॅनालिस्टच्या पहिल्या नोकरीसाठी येणाऱ्या रिझ्युमेंमध्ये एक ओळ हमखास असते: ‘पायथॉन, एसक्यूएल आणि पॉवर बीआय वापरून रिटेल डेटाचे सखोल विश्लेषण केले व व्यवसायासाठी उपयुक्त निष्कर्ष काढले.’ ओळीत व्याकरणाची चूक नाही आणि खोटेही काही नाही. तरी ती वाचून झाल्यावर एवढेच कळते की उमेदवाराने तीन सॉफ्टवेअर उघडली होती. प्रश्न काय होता, डेटा कुठला होता, त्यात अडचण कोणती आली, शेवटी हाती काय लागले, यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही. ‘सखोल’ आणि ‘उपयुक्त’ ही विशेषणे तर प्रत्येक रिझ्युमेत असतात, म्हणजे असून नसल्यासारखीच.

आपल्याकडे बीकॉम, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग झालेली बरीच मुले आता सहा महिन्यांचा डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स करतात. पुण्यात तर अशा क्लासच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. कोर्सच्या शेवटी एक प्रकल्प असतो आणि अनुभवाच्या रकान्यात लिहायला अनेकांकडे तेवढाच ऐवज असतो. तो दोन ओळींत कसा मांडावा, हे मात्र फारसे कोणी शिकवत नाही. साचे मिळतात. समस्या, साधने, पद्धत आणि फलित असे चार भाग सांगा, असेही सांगितले जाते. ते बरोबरच आहे. पण चार रकाने भरले की ओळ झाली असे नसते. कुठल्या भागाला किती जागा द्यायची आणि त्यात नेमके काय घालायचे हे प्रकल्पातल्या कामावरून ठरते. म्हणून एक खराखुरा डेटा घेऊन, त्यावरची ओळ कशी घडते ते पाहू.

एक खुलासा आधीच करतो. रिझ्युमे आपल्याकडे इंग्रजीत लिहिला जातो. इथे नमुन्याच्या ओळी मराठीत देतो, कारण अडचण मजकुराची आहे; मजकूर नेमका असला की तो कुठल्याही भाषेत नेता येतो.

डेटा असा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेने मशीन लर्निंगच्या अभ्यासासाठी डेटासंचांचे एक खुले भांडार ठेवले आहे. त्यात ‘ऑनलाइन रिटेल’ नावाचा एक संच आहे. ब्रिटनमधल्या, भेटवस्तू विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाचे १ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ या काळातले सगळे व्यवहार त्यात आहेत. एकूण ५,४१,९०९ ओळी आणि आठ रकाने: बिल क्रमांक, मालाचा कोड, वर्णन, नग, तारीख-वेळ, एका नगाची किंमत, ग्राहक क्रमांक आणि देश. जगभरचे विद्यार्थी यावर सराव करतात, आपल्याकडचेही करतात. त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याने हा संच आधी पाहिलेला असण्याची शक्यता बरीच. घिसापिटा डेटा घेतला म्हणून गुण कापले जातीलच असे नाही. उलट समोरच्याला डेटा माहीत असला तर तुम्ही त्यात किती खोल गेलात हे त्याला लगेच कळते, आणि याचा फायदाही करून घेता येतो.

समस्येपासून सुरुवात करू. ‘विक्रीचे विश्लेषण’ ही समस्या म्हणता येत नाही, तो फार तर विषय झाला. समस्या म्हणजे असा प्रश्न की ज्याचे उत्तर मिळाल्यावर कोणीतरी काहीतरी वेगळे करील. या दुकानाच्या बाबतीत एक साधा प्रश्न असा: विक्री खात्यातल्या माणसाला फोन करून संबंध जपायला वेळ थोडाच आहे, तर त्याने आधी कोणत्या ग्राहकांना फोन करावा? या प्रश्नाला उत्तर म्हणून ग्राहकांची यादी लागते. यादी चुकली तर नुकसान काय होईल हेही सांगता येते. ‘विक्रीचा कल समजून घेणे’ या वाक्याला असे काही लागत नाही, कारण कल समजला नाही तरी कोणाचे काही अडत नाही.

ओळीत मात्र हा प्रश्न पाच-सहा शब्दांतच बसवायचा: ‘जपायला हवेत असे ग्राहक ओळखण्यासाठी’. त्याहून जास्त जागा समस्येला देऊ नये. काही जण स्पर्धेच्या युगात ग्राहक टिकवणे किती महत्त्वाचे आहे इथपासून सुरुवात करतात आणि पहिली ओळ तिथेच संपते. वाचणाऱ्याला ते ठाऊक असते, त्याचा धंदाच तो आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. पायथॉन, एसक्यूएल, एक्सेल, पॉवर बीआय, टॅब्लो ही नावे ओळीत असावीत, कारण रिझ्युमे पहिल्यांदा चाळणारी एचआरमधली व्यक्ती हीच नावे शोधत असते आणि बऱ्याच ठिकाणी ती चाळणी सॉफ्टवेअरच करते. पण जिथे ज्या साधनाने काम केले तिथेच त्याचे नाव घ्यावे. ‘पायथॉनमध्ये बिले जुळवली’ या तीन शब्दांत साधनही येते आणि कामही. सुरुवातीलाच सात नावांची माळ घातली तर कशाने काय केले ते कळत नाही, आणि मुलाखतीत नेमके सर्वांत कमी येणाऱ्या नावावर प्रश्न येतो. या प्रकल्पात मला पायथॉन आणि त्यातली पांडाज ही लायब्ररी एवढेच पुरेसे वाटते. एक्सेलमध्ये फाइल उघडून पाहिली होती, म्हणून एक्सेलचे नाव घालण्याचे कारण नाही.

आता पद्धत. इथे थांबून वेळ द्यावा, कारण दोन उमेदवारांतला फरक बहुतेक वेळा इथेच दिसतो.

ग्राहकांची प्रतवारी करण्याची एक जुनी, टपालाने माल विकणाऱ्यांच्या काळापासून चालत आलेली रीत आहे. तिला आरएफएम म्हणतात. ग्राहकाने शेवटची खरेदी किती दिवसांपूर्वी केली, एकूण किती वेळा केली आणि किती पैशांची केली, हे तीन आकडे काढायचे. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे आणि त्यावरून ग्राहकांचे गट पाडायचे. या संचावर बहुतेक सगळे हेच करतात. तेव्हा ‘आरएफएम विश्लेषण केले’ एवढे लिहून तुम्ही इतर सगळ्यांसारखेच दिसता. वेगळेपण दिसते ते आकडे काढण्याआधी डेटाचे काय केले यात.

संचात तीन उघड भानगडी आहेत. एक, १,३५,०८० ओळींमध्ये, म्हणजे साधारण चौथाई डेटात, ग्राहक क्रमांकच नाही. ग्राहकांची प्रतवारी करायची तर या ओळी बाजूला ठेवाव्याच लागतात. दोन, रद्द झालेली बिले. त्यांच्या क्रमांकाच्या आधी `C` हे अक्षर असते आणि नग उणे असतात. तीन, काही ओळींत किंमत शून्य आहे. नेटवर सापडणाऱ्या बहुतेक नमुन्यांत ही सफाई अशी केलेली दिसते:

```python
df = df.dropna(subset=["CustomerID"])
df = df[~df["InvoiceNo"].astype(str).str.startswith("C")]
df = df[df["UnitPrice"] > 0]
```

एवढे झाले की ३,९७,८८४ ओळी आणि ४,३३८ ग्राहक उरतात. विक्रीची बेरीज होते सुमारे ८९.११ लाख पौंड. विद्यार्थी इथे ‘डेटा स्वच्छ केला’ असे लिहून पुढे जातो. पण आता एक छोटीशी तपासणी करू:

```python
df.nlargest(3, "Quantity")
```

नगांच्या उतरत्या क्रमाने पहिल्या तीन ओळी समोर येतात. पहिल्या ओळीत कागदाच्या छोट्या पक्ष्यांचे ८०,९९५ नग. दुसरीत चिनीमातीच्या झाकणाच्या बरण्यांचे ७४,२१५ नग. तिसरी ओळ एकदम पाच हजारांच्याही खाली. एका भेटवस्तूंच्या दुकानातून एका ग्राहकाने एका बिलात ऐंशी हजार कागदी पक्षी घेतले? घेतले, आणि बारा मिनिटांत परतही केले. ९ डिसेंबर २०११ रोजी सकाळी सव्वानऊला बिल झाले आणि ९ वाजून २७ मिनिटांनी रद्द झाले. बरण्यांचेही तसेच, १८ जानेवारी २०११ ला बिल झाले आणि सोळा मिनिटांत रद्द. बहुधा कोणीतरी आकडा चुकून टाइप केला असावा.

घोटाळा आपल्या सफाईत आहे. आपण `C` ची ओळ काढून टाकली, पण ती ज्या विक्रीला रद्द करत होती ती मूळ ओळ तशीच राहिली. म्हणजे न झालेली विक्री आपण स्वतःच्या हाताने झालेली ठरवली. पक्ष्यांचे बिल १,६८,४६९ पौंडांचे, बरण्यांचे ७७,१८३ पौंडांचे. दोन्ही मिळून सुमारे २.४६ लाख पौंड, म्हणजे एकूण बेरजेच्या पावणेतीन टक्के. एवढ्याने वार्षिक बेरीज फार बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. पण आपला प्रश्न बेरजेचा नव्हता, ग्राहकांच्या यादीचा होता. सर्वाधिक खरेदी करणाऱ्या पहिल्या दहा ग्राहकांची यादी काढली तर त्यात पक्षीवाला चौथा येतो आणि बरणीवाला दहावा. पक्षीवाल्याची खरी खरेदी दोन पौंड ९० पेन्स आहे. बरणीवाल्याने तर काहीच घेतलेले नाही. विक्री खात्याचा माणूस ही यादी घेऊन फोन करायला बसला तर दहापैकी दोन फोन वाया. शिवाय पक्षीवाल्याची ‘शेवटची खरेदी’ अगदी अखेरच्या दिवशीची, त्यामुळे अलीकडेपणाचेही पूर्ण गुण त्याला मिळतात. सर्वोत्तम ग्राहकांच्या गटात तो दिमाखात बसतो.

यावर उपाय दोन. सोपा असा की पैशांची बेरीज करताना रद्द बिले काढायचीच नाहीत. उणे आकडे बेरजेत घेतले की ग्राहकाची निव्वळ खरेदी मिळते आणि पक्षीवाला आपोआप तळाशी जातो. पण मग त्याचे रद्द झालेले बिल ‘किती वेळा खरेदी केली’ यात मोजले जाते आणि ‘शेवटची खरेदी’ही चुकीचीच राहते. दुसरा उपाय थोडा कष्टाचा: ग्राहक, मालाचा कोड आणि नग हे तिन्ही जुळवून प्रत्येक रद्द ओळीची मूळ विक्री शोधायची आणि जोडीने दोन्ही काढायच्या. यालाही मर्यादा आहे. काही ग्राहकांनी घेतलेल्या मालापैकी थोडाच परत केला आहे, तिथे नग जुळत नाहीत. आणि काही रद्द ओळींची मूळ खरेदी १ डिसेंबर २०१० च्या आधीची, म्हणजे संचाच्या बाहेरची असू शकते, तिथे जोडी सापडणारच नाही. उरलेल्या ओळींचे काय केले हे उमेदवाराला सांगता यायला हवे, रिझ्युमेत नाही तरी मुलाखतीत.

पद्धतीच्या भागात हे लिहायचे. ‘डेटा स्वच्छ केला’ याऐवजी ‘रद्द बिले मूळ विक्रीशी जुळवून दोन्ही काढली’. शब्द दोन-चार जास्त झाले, पण त्यांतून कळते की या माणसाने डेटाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले होते. मुलाखत घेणारा अॅनालिस्ट इथेच थांबतो आणि विचारतो, ‘कसे जुळवले?’ आणि हा प्रश्न तुम्हाला हवाच असतो.

काही जणांना आरएफएम फार साधे वाटते. मग ते केमीन्स क्लस्टरिंग लावतात आणि ओळीत ‘मशीन लर्निंग’ हा शब्द येतो. लावायला हरकत नाही. पण या डेटात खरेदीचे आकडे फार विषम आहेत, बहुतेक ग्राहक काही शे पौंडांचे आणि मोजके लाखोंचे. आकड्यांचे लॉग घेतल्याशिवाय केमीन्स चालवले तर ते मूठभर बड्यांचा एक गट आणि बाकी सगळ्यांचा एक ढिगारा असे काहीसे हाती देते. ते तर यादी उतरत्या क्रमाने लावूनही कळले असते. ओळीत जे तंत्र लिहाल त्याने साध्या रीतीपेक्षा जास्त काय दिले, याचे उत्तर नसेल तर ते लिहू नये असे माझे मत आहे.

आता फलित, म्हणजे सर्वांत जास्त थापा जिथे मारल्या जातात तो भाग.

रिझ्युमेत आकडे हवेत असे सगळे सांगतात. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१४ मध्ये एक सूत्र मांडले होते: काय साध्य केले, ते कशाने मोजले आणि ते कसे केले, असे तिन्ही एका वाक्यात सांगा. सूत्र चांगले आहे आणि ते जगभर पसरले. पण ते नोकरीत काही घडवलेल्या माणसाला शोभते. कोर्समधल्या प्रकल्पाने काही घडलेले नसते. ते ब्रिटिश दुकान तुमच्या यादीची वाट पाहत नव्हते, आणि २०११ चा डेटा घेऊन आज त्याची विक्री वाढवणे कोणालाच शक्य नाही. तरीही ‘ग्राहक टिकण्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढवले’ अशा ओळी सर्रास दिसतात. सूत्रात आकड्याची जागा रिकामी दिसते म्हणून कुठलातरी गोल आकडा तिथे बसवला जातो. समोरचा विचारतो, ‘कुणाचे वाढले?’ आणि मुलाखत तिथेच संपते. एक खोटा आकडा सापडला की बाकीचे खरे आकडेही वाचणारा सोडून देतो.

खुल्या डेटावरच्या प्रकल्पाचे फलित दोनच प्रकारचे असू शकते. काय आढळले, आणि सापडलेली चूक सुधारल्याने उत्तरात किती फरक पडला. आपल्या प्रकल्पात दोन्ही आहेत. आढळले ते असे की वरच्या वीस टक्के ग्राहकांकडून विक्रीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग येतो. फरक पडला तो असा की पहिल्या दहांच्या यादीतून दोन नावे गेली.

यांपैकी पहिला आकडा भारदस्त वाटतो, म्हणून सगळे तोच लिहितात. पण त्याला दोन शेपट्या आहेत. एक, तो ‘विक्रीचा’ तीन-चतुर्थांश नाही, ज्या विक्रीत ग्राहक क्रमांक आहे तिचा आहे. क्रमांक नसलेल्या ओळी डेटाच्या चौथाई असल्या तरी पैशांच्या हिशेबात त्या सुमारे सोळा टक्के आहेत. ओळीत ‘ज्ञात ग्राहकांच्या विक्रीपैकी’ असे तीन शब्द घातले की विधान खरे होते. टक्केवारी लिहिताना ती कशाची टक्केवारी हे गाळणे, ही या धंद्यातली फार सामान्य चूक आहे. दुसरी शेपटी अशी की हे दुकान बरेचसे घाऊक व्यापाऱ्यांना विकते, असे डेटाच्या माहितीपत्रकातच दिले आहे. काही ग्राहक दुकानदार आणि काही घरगुती असले तर थोड्यांकडून बरीच विक्री येणार, त्यात नवल काय? मुलाखतीत हा प्रश्न आला आणि उमेदवार गडबडला तर त्याने माहितीपत्रक वाचलेले नाही एवढे सिद्ध होते.

दुसरा आकडा छोटा आहे. दहापैकी दोन. पण तो संपूर्ण तुमचा आहे, कोणीही स्वतःच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत पडताळू शकतो, आणि मूळ प्रश्नाला थेट लागतो. मला विचाराल तर मी हाच पुढे ठेवीन.

आता ओळ जुळवू. पहिल्या मसुद्यात सगळे कोंबले जाते, तसे जाऊ द्यावे:

‘यूसीआयच्या ऑनलाइन रिटेल डेटासंचावर पायथॉन आणि पांडाज वापरून, ग्राहक क्रमांक नसलेल्या आणि शून्य किमतीच्या ओळी वगळून, रद्द बिले त्यांच्या मूळ विक्रीशी ग्राहक, माल आणि नग यांवरून जुळवून व दोन्ही काढून, त्यानंतर आरएफएम पद्धतीने ग्राहकांना गुण देऊन त्यांचे गट पाडले, ज्यातून दुकानाने कोणते ग्राहक जपावेत हे ठरवता येते आणि असे दिसले की...’

इथपर्यंत येतानाच वाचणाऱ्याची दमछाक होते. क्रियापद कुठे आहे ते शोधावे लागते. कापाकापी करताना एक कसोटी लावावी: हा तपशील काढला तर मुलाखतीत विचारण्यासारखे काही कमी होते का? शून्य किमतीच्या ओळी वगळल्या, त्यावर कोणी काही विचारणार नाही, काढा. तीन रकाने जुळवले, हे तोंडी सांगता येईल, काढा. डेटाचे नाव प्रकल्पाच्या शीर्षकात आले तर ओळीत पुन्हा नको. मात्र ओळींची संख्या राहू द्यावी, कारण पाच लाख ओळी एक्सेलमध्ये धडपणे हलत नाहीत आणि पायथॉन का वापरले याचे उत्तर त्या संख्येतच मिळते. उरते ते असे:

‘जपायला हवेत असे ग्राहक ओळखण्यासाठी ५.४ लाख व्यवहारांवर पायथॉनमध्ये आरएफएम प्रतवारी केली; रद्द बिले मूळ विक्रीशी जुळवून काढली.’

आणि खाली दुसरी ओळ:

‘नेहमीच्या सफाईने पहिल्या दहा ग्राहकांत दोन खोटी नावे येतात हे दाखवले; दुरुस्त यादीत वरचे २० टक्के ग्राहक ज्ञात विक्रीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग देतात.’

पहिल्या ओळीत प्रश्न, साधन आणि पद्धत आहे, दुसरीत फलित. चारही भाग एकाच वाक्यात कोंबायचा हट्ट धरला की वाक्य मोडते. दोन ओळींत ते सुखाने नांदतात. इंग्रजीत प्रत्येक बुलेट साधारण वीस-पंचवीस शब्दांत बसते, म्हणजे ए-फोर पानावर फार तर दोन ओळी. एका प्रकल्पाला अशा दोन बुलेट पुरतात. तिसरी लिहावी ती वेगळे काही सांगायचे असेल तरच, उदाहरणार्थ डॅशबोर्ड केला असेल आणि तो कोणी खरेच वापरला असेल तर. ‘पॉवर बीआयमध्ये आकर्षक डॅशबोर्ड बनवला’ ही बुलेट मी काढूनच टाकीन.

नोकरी करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. समजा, पिंपरी-चिंचवडमधल्या सुट्या भागांच्या एखाद्या कारखान्यात एक मुलगी एमआयएस एक्झिक्युटिव्ह आहे आणि तिला अॅनालिस्ट व्हायचे आहे. रोज सकाळी तीन पाळ्यांच्या तीन एक्सेल शीट येतात, त्यांतले रिजेक्शनचे आकडे ती हाताने एकत्र करते, आणि पार्ट नंबर प्रत्येक सुपरवायझर आपापल्या पद्धतीने लिहितो म्हणून जुळणी चुकते. तिने पॉवर क्वेरीत जोडणी बसवली, पार्ट नंबरची एक प्रमाण यादी केली, आणि दोन तासांचे काम वीस मिनिटांवर आले. तिच्या रिझ्युमेत मात्र लिहिलेले असते, ‘रोजचे एमआयएस रिपोर्ट बनवणे व वरिष्ठांना सादर करणे’. हे तिच्या नेमणूकपत्रातले वाक्य झाले. तिने काय केले ते यात नाही.

तिची बुलेट अशी होईल: ‘तीन पाळ्यांच्या शीटमधले न जुळणारे पार्ट नंबर पॉवर क्वेरीत प्रमाण यादीशी जुळवले, रोजचा रिजेक्शन अहवाल दोन तासांऐवजी वीस मिनिटांत, सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगआधी तयार.’ इथे बॉकचे सूत्र चपखल बसते, कारण खरेच काहीतरी बदलले आहे. फक्त वेळेचे दोन्ही आकडे तिने मोजलेले असावेत. बदल करण्याआधी आठवडाभर घड्याळ लावून टिपून ठेवले असेल तर उत्तम. नसेल तर ‘सुमारे’ लिहावे आणि अंदाज कसा केला ते सांगण्याची तयारी ठेवावी.

मोह इथेही होतो. त्याच सहा महिन्यांत कारखान्यातले रिजेक्शन कमी झाले असेल, तर तो आकडा आपल्या बुलेटला जोडावासा वाटतो. पण त्या काळात डाय बदलली असेल, नवा ऑपरेटर आला असेल, पुरवठादार बदलला असेल. अहवाल लवकर मिळाल्याने रिजेक्शन घटले हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो. तिच्या हातातला पुरावा वेळेचा आहे, तेवढाच तिने मागावा. टीमने मिळून केलेल्या कामातही तसेच. ‘चौघांच्या टीममध्ये जुळणीचा भाग मी केला’ असे लिहिल्याने मान कमी होत नाही. कंपनीचे खरे विक्रीचे किंवा रिजेक्शनचे आकडे बाहेर सांगण्याची परवानगी नसते, तिथे टक्के किंवा वेळ द्यावा; रक्कम झाकून प्रमाण सांगता येते.

बुलेट तयार झाली की एक काम उरते. तिच्यातल्या प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा: कोणत्या टप्प्यावर किती ओळी होत्या, किती गेल्या, कोणता कोड चालवला, टक्केवारीचा छेद काय होता. मुलाखतीआधी तीच फाइल वाचायची, दुसऱ्या कुठल्या तयारीची फारशी गरज पडत नाही. आणि ज्या आकड्यासमोर काही लिहिता आले नाही, तो आकडा रिझ्युमे पाठवण्याआधी खोडून टाका.